आभाराच्या मेलमधली आठपट चूक

शिष्यवृत्तीच्या मुलाखतीनंतर पाठवायचे आभाराचे मेल आमच्या कॉलेजात माझ्याकडे तपासायला येतात. बहुतेक एकाच साच्यातले. ‘आपला अमूल्य वेळ दिलात, खूप शिकायला मिळालं.’ नाव झाकलं तर कोणी लिहिलाय ते कळत नाही. दिवसभर मुलाखती घेतलेल्या माणसाला त्यावरून चेहरा आठवायचा कसा?

भूजलशास्त्राच्या पुढच्या शिक्षणासाठी मुलाखत देऊन आलेल्या एका मुलीचा मेलही असाच होता. नेमकं काय विचारलं, असं खोदून विचारल्यावर तिने सांगितलं. समितीतल्या मॅडमचा प्रश्न होता, ‘बंधाऱ्यामुळे एक हेक्टरभर परिसरात भूजलपातळी तीन मीटर वर आली, तर पाणी किती साठलं?’ ही म्हणाली, ४,८०० घनमीटर. ‘बेसॉल्टमध्ये?’ एवढंच म्हणून मॅडम पुढच्या प्रश्नाकडे वळल्या.

हेक्टरचे १०,००० चौरस मीटर गुणिले तीन, म्हणजे ३०,००० घनमीटर. पण हा झाला खडक. त्यातून निथळून मिळू शकेल असं पाणी किती टक्के, याला ‘स्पेसिफिक यील्ड’ म्हणतात. वाळूमिश्रित गाळाला तो साधारण १६ टक्के धरतात, तोच तिने लावला. आपल्याकडच्या झिजलेल्या, भेगाळ बेसॉल्टला २ टक्क्यांच्या आसपास धरतात. म्हणजे ६०० घनमीटर. उत्तर आठपट फुगलेलं.

मेलचा गाभा मला तिथे सापडला. तिने पुन्हा लिहिलं:

‘मॅडम, काल बंधाऱ्याच्या प्रश्नावर मी गाळाच्या जमिनीचा १६ टक्के दर लावला. झिजलेल्या बेसॉल्टला २ टक्के धरल्यास साठा ६०० घनमीटर येतो. आपण “बेसॉल्टमध्ये?” असं विचारल्यामुळे चूक लक्षात आली. पातळी इतकी चढूनही पाणी थोडंच का साठतं, हेही त्यातून उमगलं. मनापासून आभार.’

पहिल्या मसुद्यात ‘मी घाबरले होते’ होतं, ते मी काढायला लावलं. त्याने आकडा सुधारत नाही, वाचणाऱ्यावर समजूत घालायची जबाबदारी मात्र येते. ‘निकाल कधी?’ हेही काढलं, कारण आभारात विचारणा मिसळली की आभार निमित्त वाटतात. विषयाच्या ओळीत नाव, अर्ज क्रमांक आणि मुलाखतीची तारीख. मॅडमचा खासगी नंबर तिने कुठून तरी मिळवला होता; त्यावर नको म्हटलं. मेल संस्थेच्या कार्यालयाच्या पत्त्यावर, ‘कृपया मॅडमपर्यंत पोहोचवावा’ या ओळीसह, दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत गेला. समितीतल्या इतर दोघांना हाच मजकूर पाठवू दिला नाही. त्यांनी बेसॉल्टचं विचारलंच नव्हतं.

एका गोष्टीवर आमचं जमलं नाही. माझं म्हणणं, चुकीचा दर पुन्हा लिहायचा कशाला, बरोबर उत्तर पुरे. ती म्हणाली, ‘सर, १६ कुठून आला ते सांगितलं नाही, तर ६०० नुसता पुस्तकात बघून लिहिल्यासारखा दिसेल.’ वाक्य तिने ठेवलं. समितीत मी असतो तर मला ते कसं वाटलं असतं, हे अजून ठरवता येत नाहीये.