१६, १८, १७, १९

"मेंदूत गाठ आहे हे माहीत असून तुम्ही ती काढली नाहीत? वाढायची वाट बघताय का?"

हो, वाटच बघतेय. आणि हे एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं, कारण लग्नाच्या पंगतीत नाहीतर बाजारात उभ्या उभ्या जे उत्तर देते त्याने विचारणाऱ्याचं समाधान होत नाही आणि माझंही होत नाही.

माझी गाठ मेंदूच्या आत नाही. मेंदूभोवती जी आवरणं असतात त्यांच्या पेशींपासून ती झाली आहे. उजव्या बाजूला, कपाळाच्या वरच्या भागात, कवटीला आतून चिकटून बसलेली आहे आणि मेंदूला बाहेरून टेकते. अशा गाठीला मेनिंजिओमा म्हणतात. दहातल्या साधारण आठ मेनिंजिओमा साध्या, म्हणजे पहिल्या ग्रेडच्या असतात. माझी तशी आहे असं डॉक्टरांना वाटतं, ते तिच्या दिसण्यावरून: कडा स्वच्छ, कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन दिल्यावर सगळी एकसारखी उजळते, भोवतालच्या मेंदूला सूज नाही. पण ग्रेड खात्रीने कळतो तो गाठ काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच. म्हणजे मी ज्या भरवशावर आहे तो चित्राचा भरवसा आहे. हे मी कुणापासून लपवत नाही.

ती सापडली चक्करमुळे, पण चक्कर तिच्यामुळे नव्हती. कुशीवर वळलं की खोली फिरायची. तो कानाच्या आतल्या भागातला बिघाड होता आणि कानाच्या डॉक्टरांनी डोकं विशिष्ट रीतीने वळवून तो बरा केला. एमआरआय मात्र तोवर झालेला होता, आणि त्यात ही दिसली. मला त्या वेळी वाटलं होतं की जगात एकटीवरच हे आलं. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमला २००० लोकांचे मेंदूचे एमआरआय केले होते, त्याचे निष्कर्ष २००७ साली आले. शंभरात साधारण एकाच्या डोक्यात मेनिंजिओमा निघाला, आणि ती माणसं तक्रार घेऊन आलेली नव्हती. ज्यांचा एमआरआय कधी होत नाही त्यांच्यातही अशा गाठी असतातच, आणि कित्येकांना जन्मभर कळत नाहीत.

माझ्या न्यूरोसर्जननी पहिल्याच भेटीत सांगितलं, "ही काढायला अवघड जागा नाही. म्हणूनच घाई नाही." माझ्या नवऱ्याला हे उलटं वाटलं. सोपी आहे तर काढून मोकळे होऊ, असं तो म्हणाला. डॉक्टरांचं म्हणणं असं होतं की हीच गाठ डोळ्याच्या नसेला खेटून असती तर थोडी वाढही महाग पडली असती आणि त्यांनी वेगळा सल्ला दिला असता. इथे ती थोडी वाढली तरी शस्त्रक्रिया बहुतेक आजच्यासारखीच राहील. पण कवटी उघडली की रक्तस्राव, जंतुसंसर्ग, नंतर फिट येणं, हे धोके आजच स्वीकारावे लागतील, आणि तेही जिला काही त्रास नाही अशा बाईने. कदाचित जी गाठ मला कधीच त्रास देणार नव्हती तिच्यासाठी. गॅमा नाइफबद्दलही विचारलं. तो किरणांचा उपचार गाठ नाहीशी करण्यासाठी नसून तिची वाढ थांबवण्यासाठी असतो, आणि माझ्यासारख्या जागेच्या गाठींभोवती त्यानंतर सूज येऊ शकते. वाढतच नसेल तर थांबवायचं काय?

तर ठरलं असं: सहा महिन्यांनी एमआरआय, मग दर वर्षी, पाच वर्षं शांत गेली तर दोन वर्षांतून एकदा. मधे फिट आली, हातापायात अशक्तपणा आला, बोलण्यात किंवा स्वभावात घरच्यांना फरक जाणवला, तर तारखेची वाट न बघता यायचं.

मी हे मान्य केलं. मनातून केलं नव्हतं. त्या वर्षीची मी रात्री उठून आरशात कपाळ बघायची, जणू बाहेरून काही दिसणार होतं. तिला कुणी "काढून टाकू या" म्हटलं असतं तर ती पायऱ्या उतरून आधी पोचली असती. आणि एकदा तसं झालंच.

पहिला रिपोर्ट १६ मिलिमीटर. सहा महिन्यांनी १६. मी जरा मोकळा श्वास घेतला. त्यापुढच्या वर्षी आमच्या नेहमीच्या सेंटरचं मशीन बंद होतं म्हणून दुसरीकडे एमआरआय केला. रिपोर्ट संध्याकाळी फोनवर आला. मी पोळ्या लाटत होते. पीठ लागलेल्या बोटाने पान सरकवत खाली गेले आणि दिसलं: १८ मिलिमीटर, आधीच्या तुलनेत आकारात वाढ. आमचे डॉक्टर आठवडाभर परगावी होते. मुलाने तोवर हिशेब केला होता. दोन मिलिमीटर म्हणजे थोडं वाटतं, पण गोलाचा व्यास १६ चा १८ झाला की त्याचं आकारमान चाळीस टक्क्यांहून जास्त वाढतं. गणित बरोबर आहे, मी स्वतः कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं. चाळीस टक्के हा आकडा घरात शिरला आणि मग दुसरं कुणी काही बोलेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तिथल्या सर्जननी रिपोर्टचा शेवटचा परिच्छेद वाचला आणि म्हणाले, वाढतेय, काढू या. त्याच आठवड्यातली तारीख दिली. सीडी माझ्या पिशवीत होती. त्यांनी मागितली नाही आणि मी काढली नाही, कारण मला जे ऐकायचं होतं तेच ते बोलले होते. खरं सांगते, मला हलकं वाटलं. रक्त दिलं, ईसीजी झाला, छातीचा एक्स-रे झाला. केस किती कापणार हे विचारलं. संध्याकाळी ताई येऊन माझ्या केसांना तेल लावत बसली, एक शब्द न बोलता.

भरती व्हायच्या आदल्या दिवशी भुलेच्या तपासणीसाठी गेले. एक तरुण डॉक्टर फाइल भरत होत्या. त्यांनी विचारलं, "काकू, जुन्या एमआरआयची सीडी आहे का? दोन्ही एकत्र कुणी पाहिल्यात?" मी म्हटलं, रिपोर्ट पाहिलेत. त्या म्हणाल्या, "रिपोर्ट नाही, चित्रं." एवढंच. त्यांनी शस्त्रक्रिया करू नका असं म्हटलं नाही, तो त्यांचा अधिकारही नव्हता. पण घरी येताना रिक्षात मला तोच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येत होता. रात्री मी तारीख पुढे ढकलायचा फोन केला. मुलगा माझ्यावर चिडला. इतका चिडला की जेवला नाही. "तुला काही झालं तर?" एवढंच म्हणत राहिला, आणि त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आमचे डॉक्टर परत आल्यावर त्यांनी तिन्ही सीड्या संगणकावर शेजारी शेजारी उघडल्या आणि आम्हा दोघांना मागे उभं केलं. एमआरआय म्हणजे डोक्याचे काप. जुन्या दोन्ही तपासण्यांत एकेक काप पाच मिलिमीटर जाडीचा होता आणि दोन कापांमध्ये थोडी जागा सुटलेली. नव्या सेंटरने एकेक मिलिमीटरचे पातळ काप घेतले होते, डोकंही थोडं वेगळ्या कोनात होतं. जाड कापांत गाठीचा सगळ्यात रुंद भाग दोन कापांच्या मधे निसटू शकतो. पातळ कापांत तो सापडतो. डॉक्टरांनी नवी चित्रं जुन्याच पातळीत आणली, त्याच दोन टोकांपासून रेघ ओढली. १७. मग जुन्या चित्रावर तीच रेघ पुन्हा ओढली. १६ आणि १७ च्या मधे कुठेतरी. हाताने मोजताना एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतातच, असं ते म्हणाले. मुलाने स्वतः माउस हातात घेऊन मोजून पाहिलं. त्याचं चाळीस टक्क्यांचं गणित चुकीचं नव्हतं, पण ज्या दोन आकड्यांवर ते उभं होतं ते एकाच फूटपट्टीचे नव्हते.

तेव्हापासून नियम केला आहे. एकच सेंटर, पातळ कापांचाच एमआरआय. आणि तुलना फक्त गेल्या वर्षीशी नाही, पहिल्या पातळ कापांच्या तपासणीशीसुद्धा. हे दुसरं फार महत्त्वाचं आहे. दर वर्षी अर्धा मिलिमीटर वाढली तर प्रत्येक रिपोर्ट "फरक नाही" म्हणेल, कारण तेवढा फरक मोजण्याच्या चुकीत बुडतो. चार वर्षांनी मागे वळून पाहिलं तरच दोन मिलिमीटर दिसतात.

आणि ते दिसले. तुम्हाला वाटलं असेल की गोष्ट १७ वर संपली. नाही. त्यानंतरच्या चार वर्षांत, त्याच सेंटरला, त्याच कापांत, ती १९ झाली आहे. ही खरी वाढ आहे. गोल धरली तर अर्ध्या चहाच्या चमच्याएवढी होती, ती आता पाऊण चमच्याच्या जवळ आली. म्हणून दोन वर्षांतून एकदा जायची सवलत मला मिळाली नाही, दर वर्षीचंच चालू आहे.

मग तेव्हाच काढली असती तर? ती जुनी मी हे विचारते आणि मी तिला गप्प करू शकत नाही. मी तिला एवढंच सांगते की त्या आठवड्यात ज्या कारणासाठी कवटी उघडणार होते ते कारण खरं नव्हतं. ती म्हणते, पण गाठ तर वाढलीच ना. दोन्ही खरं आहे. मधली वर्षं मी पतसंस्थेत काम केलं, नातवाला सांभाळलं, एकही गोळी घेतली नाही. ही वर्षं तिच्या हिशेबात येत नाहीत, माझ्या येतात.

ताईचा मुद्दा वेगळा आहे आणि तो मला जास्त बोचतो. ती म्हणते, आज तू अठ्ठावन्नची आहेस. सत्तरीत काढावी लागली तर भूल झेपेल का, अंगात तेवढी ताकद असेल का? हे मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी तिचं म्हणणं झटकून टाकलं नाही. अशा बऱ्याच गाठींची वाढ वयानुसार मंदावते, कॅल्शियम साठलेल्या गाठी तर फारच हळू वाढतात. माझीत कॅल्शियम थोडंच आहे. म्हणजे दोन्हीकडे वजन आहे. त्यांचं मत असं: येत्या तपासणीत पुन्हा वाढ दिसली, किंवा भोवती सूज दिसली, तर फिट येईपर्यंत न थांबता तारीख घ्यायची. तसंच राहिलं तर पुन्हा एक वर्ष.

मी हो म्हटलं आहे. ताईने अजून म्हटलेलं नाही. या वेळी सीडी घेऊन ती माझ्याबरोबर येणार आहे.