दहा मिनिटांची भेट आणि तिची वेळ बदलण्याचे पत्र

नेदरलँड्समधील प्राथमिक शाळांत पालकांना शिक्षिकेशी बोलण्यासाठी मोजून दहा मिनिटे मिळतात. वेळा एकामागोमाग एक लावलेल्या असतात, त्यामुळे एका पालकाने वेळ बदलली की त्याचा परिणाम शिक्षिकेच्या सबंध दुपारवर होतो. ही जाणीव असल्यामुळेच पुण्याहून नुकत्याच येथे आलेल्या माझ्या शेजारणीने वेळ बदलून मागण्यासाठी मोठे, क्षमायाचनेने भरलेले पत्र लिहिले आणि पाठवण्यापूर्वी मला वाचायला दिले. मूळ पत्र इंग्रजीत होते. त्याचा आशय असा होता:

“आदरणीय बाई, सर्वप्रथम मी आपली मनापासून क्षमा मागते. आपण किती व्यग्र असता याची मला पूर्ण कल्पना आहे आणि आपल्याला त्रास देताना फार संकोच वाटतो. मंगळवारी आपण आम्हाला वेळ दिली होती, परंतु दुर्दैवाने त्याच दिवशी निवास परवान्यासाठी बोटांचे ठसे देण्यास जावे लागणार आहे. ती वेळ बदलण्याचा मी खूप प्रयत्न केला, पण पुढची तारीख फार उशिराची मिळत होती आणि माझे पती कामानिमित्त बाहेरगावी आहेत. कृपया गैरसमज नसावा, मुलाच्या अभ्यासाची आम्हाला खूप काळजी आहे. आपल्या सोयीने कधीही दुसरी वेळ देता आली तर उपकार होतील. न जमल्यास तरीही चालेल. पुन्हा एकदा क्षमस्व.”

या पत्रात सद्भावनेची काहीच उणीव नाही. मात्र वर्गातून बाहेर पडून घाईने ते वाचणाऱ्या शिक्षिकेला त्यातून काय मिळते, ते पाहायला हवे. कोणत्या मुलाची भेट, मंगळवारची नेमकी कोणती वेळ, हे तिला स्वतः शोधावे लागते. “कधीही” हा शब्द नम्र वाटतो, परंतु नवी वेळ शोधण्याचे सगळे काम तो तिच्यावर टाकतो. “न जमल्यास तरीही चालेल” हे वाक्य तर मला सर्वांत घातक वाटते, कारण भेट झाली नाही तरी पालकांना फरक पडत नाही, असा अर्थ त्यातून सहज निघतो; शेजारणीच्या मनात नेमके उलट होते. कारणाचा तपशील वाढत गेला की वाचणारी व्यक्ती नकळत ते कारण पुरेसे आहे की नाही हे तोलू लागते. आणि वारंवार मागितलेल्या क्षमेला “काही हरकत नाही” असे उत्तर देऊन धीर देण्याचे जादा काम शिक्षिकेच्या वाट्याला येते.

आम्ही प्रथम फक्त त्या गोष्टींखाली रेघ ओढली, ज्यांच्या आधारे शिक्षिकेला काही कृती करता येईल. तशी एकच गोष्ट सापडली: मंगळवार. बाकीचे सारे बाजूला ठेवून मुलाचे नाव, ठरलेली वेळ आणि दोन पर्याय आम्ही नव्याने लिहिले. पर्याय वेगवेगळ्या दिवसांचे असावेत, असा माझा आग्रह होता, कारण येथील पुष्कळ शिक्षिका आठवड्यातील काही दिवसच काम करतात आणि एकाच वर्गाला दोघी जणी वाटून शिकवतात. त्यानंतर कारण एका उपवाक्यात आणि क्षमा एकदाच, तीही माहिती देऊन झाल्यावर, परत घातली. संबोधनात “आदरणीय” ऐवजी मुले वापरतात तेच “युफ”, म्हणजे डचमधले “बाई”, आणि पुढे शिक्षिकेचे पहिले नाव, इतके पुरते. तयार झालेला मजकूर असा:

“नमस्कार. मंगळवारी दुपारी ३.४० वाजता ठरलेल्या आर्यच्या भेटीला मला येता येणार नाही, कारण त्याच वेळी निवास परवान्याच्या कामासाठी जावे लागणार आहे. गुरुवारी ३.३० नंतर किंवा पुढच्या सोमवारी सकाळी ८.१५ वाजता भेटता येईल का? फोनवर बोलणेही चालेल. मंगळवारची वेळ दुसऱ्या पालकांना देता यावी म्हणून आत्ताच कळवत आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.”

शेजारणीला हे रूक्ष वाटेल अशी शंका होती. माझ्या मते समोरच्याचा विचार याच पत्रात अधिक आहे: रिकामी होणारी वेळ वाया जाऊ नये याची काळजी त्यात आहे आणि उत्तरादाखल “गुरुवार” एवढा एकच शब्द लिहिला तरी काम होते. कात्री याहून पुढे चालवू नये. “मंगळवारी जमणार नाही, गुरुवारी चालेल का?” एवढेच लिहिले असते, तर झालेल्या गैरसोयीची दखलच उरली नसती, आणि स्पष्ट बोलण्याची सवय असलेल्या डच माणसालाही ते खटकू शकते.

हा आटोपशीरपणा आठवडाभर आधी कळवताना शोभतो. त्याच सकाळी भेट रद्द करावी लागली किंवा दुसऱ्यांदा वेळ बदलावी लागली, तर आपल्यामुळे शिक्षिकेचा वेळ वाया गेला हे एका पूर्ण वाक्यात मान्य करावे. आणि त्याच दिवसाची गोष्ट असेल तर संदेशावर विसंबून न राहता वर्ग सुरू होण्यापूर्वी शाळेत फोन करावा, कारण शिकवणाऱ्या व्यक्तीला आपला संदेश दुपारपर्यंत दिसेलच असे नाही.