तुम्ही विचारलंत म्हणून

"पुण्यातलं सगळं सोडून त्या पडक्या वाड्यात एकट्या कशा राहता हो? भीती नाही वाटत?"

वाटते. म्हणून तर माळवदाखाली, त्या मातीच्या सपाट छताखाली, झोपत नाही, अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत झोपते. आणि वाडा पडका नाही. दोन तुळयांमधला एक खण पडलाय, तोही माझ्यामुळं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. किल्लारी आमच्यापासून लांब, त्यामुळं वाडा उभा राहिला, नुसतं उत्तरेच्या भिंतीचं पोट सुटलं. दगडमातीच्या भिंती आणि त्यांच्यावर मातीचं ओझं, माणसं त्याखाली गेली, हे तुम्हाला मी काय सांगू. तरी आबा दर उन्हाळ्यात माळवदावर पांढरीची माती टाकतच राहिले. जुनी न काढता, वरूनच.

मी आले तेव्हा मला गळती थांबवायची होती, तीही एकदाच. दरवर्षी माती टाका, पावसाळ्यात उगवलेलं गवत उपटा, हे मला अडाणीपणाचं वाटायचं. मातीवर सिमेंटचा कोबा करून घेतला. चुलती म्हणाली, "माती सुटली तर दिसती तरी गं. कोबा फुटल्यालं तुला कवा कळंल?" मी हसले होते.

पहिला पावसाळा कोरडा गेला. गळती नाही म्हणून मी सगळ्यांना फोन करून सांगितलं. दुसऱ्या वर्षी मधल्या खणात ओल्या पोत्यासारखा वास यायला लागला. तुळईखाली पिवळा भुसा पडायचा, तो मी रोज झाडून काढत होते. मिस्त्रीनं हातोडीच्या दांड्यानं तुळई ठोकली. मध्यावर टणक वाजली, भिंतीजवळ बद्द. "बाई, टोक गेलंय," तो म्हणाला. मी म्हटलं, दिवाळीनंतर बघू.

दिवाळीआधीच खण खाली आला. रात्री नाही, दुपारी चारला, मी चहा गाळत असताना. आधी तुळयांवरच्या लाकडी किलच्या तडतडल्या, मग नुसता धुरळा. आजीच्या बाजेवर कमरेएवढी माती होती. बाज रिकामी होती, हे मी आता शांतपणे लिहितेय. तेव्हा मी तिला हाका मारत होते. आजी जाऊन सहा वर्षं झाली होती.

कोब्याला उन्हानं बारीक चिरा गेल्या होत्या. तिथून पाणी आत शिरलं, पण वरून कोबा असल्यामुळं माती सुकेना. ओल उतरत उतरत तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकापर्यंत पोचली. आणि कोब्याचं वजन वर होतंच.

बाकीच्या खणांवरचा कोबा फोडला तेव्हा खाली दीड हात माती निघाली, भाकरीच्या चवडीसारखे थर. वीतभर ठेवून बाकीची उतरवली. आबांनी तेवढी का चढवली, यावर मी अजून त्यांच्याशी भांडते. कोब्यावरून त्यांनी माझ्याशी भांडायला हवं होतं.

मग वाडा विकत का नाही? माहीत नाही. विकलाच तर घेणारा आधी माळवदच पाडेल, आणि तेच शहाणपणाचं असेल.

रात्री पाऊस लागला की मी उठते, पन्हळ वाहतेय का ते बॅटरीच्या उजेडात बघते, आणि परत पत्र्याखाली येऊन पडते.