चार मिनिटांचा व्हिडिओ आणि ‘कोणत्याही कारणासाठी’ हे दोन शब्द

आमच्या शाळेच्या विज्ञान चॅनेलसाठी लंबकाच्या प्रयोगाचा जो व्हिडिओ आम्ही केला, तो जेमतेम चार मिनिटांचा आहे. चित्रीकरण एका दुपारी उरकले आणि संकलनाला दोन संध्याकाळी लागल्या. पालकांची संमती मिळवण्यात मात्र तेवीस दिवस गेले, आणि त्यांपैकी चौदा दिवस कार्यालयातल्या एका छापील नमुन्यापायी गेले. त्या चौदा दिवसांचा राग अजून पुरता ओसरलेला नाही, हे आधीच कबूल करते.

सुरुवातीची चूक माझीच होती. वर्गाच्या पालकगटावर मी लिहिले होते, “शाळेच्या विज्ञान चॅनेलसाठी मुलांचा व्हिडिओ करायचा आहे. कोणाची हरकत असल्यास कळवावे.” बत्तीसपैकी एकोणीस पालकांनी अंगठा दाखवला, एकाने “व्हिडिओ कुठे दिसणार?” असे विचारले आणि बारा जण गप्प राहिले. त्या बारा जणांची हरकत नाही असे मी धरून चालले होते. मुख्याध्यापकांनी मला थांबवले. ते म्हणाले, “मॅडम, ज्यांनी तुमचा संदेश उघडलाही नसेल, त्यांची हरकत तुम्हाला कशी कळणार?” शिवाय अंगठ्याचा अर्थ ‘वाचले’ असाही होतो आणि ‘चालेल’ असाही होतो. उद्या वाद झाला तर तो नेमका कशासाठी दिला होता, हे कोणालाच सांगता येणार नाही.

गटावर विचारण्यात आणखी एक अडचण होती, ती मला पुढे उमगली. जिथे एकोणीस जणांनी चारचौघांत होकार दिला आहे, तिथे विसाव्याला नकार देणे जड जाते. म्हणून दुसरा संदेश मी प्रत्येकाला स्वतंत्र पाठवला. तो असा होता:

“नमस्कार. येत्या शुक्रवारी वर्गात लंबकाचा प्रयोग होणार असून त्याचे चित्रीकरण करून सुमारे चार मिनिटांचा व्हिडिओ शाळेच्या यूट्यूब चॅनेलवर टाकण्याचा विचार आहे. हा व्हिडिओ कोणालाही पाहता येईल. त्यात कोणत्याही मुलाचे नाव लिहिले किंवा उच्चारले जाणार नाही. आपल्या पाल्याबाबत कृपया पुढीलपैकी एक कळवावे. (क) चेहरा आणि आवाज दोन्ही चालतील. (ख) फक्त हात आणि आवाज चालेल, चेहरा नको. (ग) व्हिडिओत काहीच नको. ‘ग’ कळवले तरी आपला पाल्य प्रयोगात सर्वांबरोबर असेल आणि त्याच्या गुणांवर कोणताही परिणाम होणार नाही. उत्तर बुधवारपर्यंत द्यावे. उत्तर न आल्यास ‘ग’ समजले जाईल. व्हिडिओ टाकल्यानंतरही मत बदलल्यास मला कळवावे, आम्ही तो भाग काढू. मात्र तोवर इतर कोणी उतरवून घेतलेल्या प्रती आम्हाला परत घेता येणार नाहीत.”

शेवटचे वाक्य लिहायला मी कचरत होते, कारण ते वाचून पालक बिचकतील असे वाटले होते. घडले उलटेच. एका वडिलांनी फोन करून सांगितले की ते वाक्य होते म्हणूनच मी ‘क’ कळवले, बाकीचेही खरे असणार असे त्यामुळे वाटले.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. हा संदेश मी व्हॉट्सॲपवर प्रसारण यादी करून पाठवला होता. अशा यादीतला संदेश फक्त ज्यांच्या फोनमध्ये आपला क्रमांक जतन केलेला असतो त्यांनाच पोचतो. चार पालकांकडे माझा क्रमांक नव्हता, त्यामुळे त्यांच्यापर्यंत काहीच गेले नव्हते आणि मी मात्र त्यांच्या ‘बेपर्वाई’वर शिक्षक-कक्षात दोन दिवस बोलत होते. उत्तर न देणाऱ्यांना दुसऱ्यांदा टोकण्यापूर्वी संदेशापुढे एकच टिक आहे की दोन, हे पाहावे.

बुधवारपर्यंत सगळी उत्तरे आली. आता चित्रीकरण करायचे एवढेच उरले, असे मला वाटले, आणि तेव्हाच कार्यालयाने कळवले की मोबाइलवरची उत्तरे फायलीला लावता येत नाहीत, सर्व पालकांकडून शाळेचा छापील संमतिनमुना भरून आणावा. कागदावर सही हवी, हे मला मान्यच होते. अडचण त्या कागदावरच्या मजकुराची होती. त्यात एकच वाक्य होते: “माझ्या पाल्याची छायाचित्रे व चित्रफिती शाळेने कोणत्याही कारणासाठी, कोणत्याही माध्यमात वापरण्यास माझी संमती आहे.” त्याखाली सहीची ओळ. कोणता व्हिडिओ, कुठे, किती काळ, यांपैकी एकही शब्द त्यात नव्हता आणि ‘नाही’ म्हणण्यासाठी जागाच नव्हती. वार्षिक अंकात सहलीचे फोटो छापण्यासाठी कधीतरी केलेला तो नमुना होता आणि आता तोच सगळीकडे चालवला जात होता.

मी नमुने वाटले. तेवीस सह्या दोन दिवसांत परत आल्या. उरलेल्या नऊंपैकी चार आल्याच नाहीत आणि पाच जणांनी ‘कोणत्याही कारणासाठी’ हे शब्द खोडून सही केली होती. कार्यालयाने ते पाचही नमुने खाडाखोडीचे म्हणून परत केले.

त्यांतल्या एका आईने मला फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, “मॅडम, तुमच्या संदेशाला मी ‘ख’ कळवले होते. चेहरा नको, हात चालतील. आता याच कागदावर तुम्ही माझ्याकडून सगळ्याची सही मागता. मग आधी विचारलेत कशाला?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. संदेशात मी तीन पर्याय दिले होते आणि नमुना ते तिन्ही पुसून टाकत होता. ज्या पालकांनी निमूट सही केली होती, त्यांच्यापैकीही तिघांनी आधी ‘ख’ किंवा ‘ग’ कळवले होते, हे याद्या शेजारी ठेवल्यावर दिसले. म्हणजे कागदानुसार त्यांच्या मुलांचे चेहरे दाखवायला मला पूर्ण मोकळीक होती. ज्या कागदासाठी हा सगळा खटाटोप चालला होता, तोच कागद चुकीचे सांगत होता.

मी कार्यालयात गेले तेव्हा मुख्य लिपिकांनी कपाट उघडून दाखवले. नमुन्यांचे गठ्ठे दोरीने बांधून ठेवलेले होते. “एवढ्या प्रती छापून पडल्या आहेत, आणि वेगळा नमुना करायचा तर तो आधी शाळा समितीपुढे जावा लागेल,” असे ते म्हणाले. समितीची बैठक पुढच्या महिन्यात होती. “प्रवेशाच्या वेळी पालकांनी अशीच सही दिलेली असते, तेव्हा कोणी काही बोलत नाही,” असेही त्यांनी ऐकवले. प्रवेशाच्या वेळी पालक एकामागून एक दहा कागदांवर सह्या करत असतात आणि त्यातला कोणता कशाचा होता हे संध्याकाळपर्यंत विसरतात, हे मी त्यांना सांगितले. थोडे चढ्या आवाजात सांगितले, त्यामुळे आणखी दोन दिवस गेले.

अखेर सुटका झाली ती साध्या पुरवणीने. नमुना बदलायचा नाही, पण त्याला एक पान जोडायचे, असे मुख्याध्यापकांनी सुचवले. त्या पानावर व्हिडिओचा विषय, चित्रीकरणाची तारीख, चॅनेलचे नाव आणि माझ्या संदेशातले तीन पर्याय जसेच्या तसे घेतले. पर्यायांपुढे खूण करायला चौकोन ठेवले. खाली एक वाक्य घातले: “वरील संमती केवळ या व्हिडिओपुरती असून, सोबतच्या नमुन्यातील मजकूर व हे पान यांत फरक आढळल्यास हे पान ग्राह्य धरावे.” त्याखाली पालकांची सही आणि शेजारी मुख्याध्यापकांची. कार्यालयाला त्यांचा नमुना मिळाला, पालकांना त्यांचे शब्द मिळाले. न आलेले चारही नमुने या पानासह दुसऱ्याच दिवशी परत आले. हे पान पहिल्या दिवशी सुचले असते तर आठवडाभरात सगळे आटोपले असते.

सह्यांनंतर आकडे असे होते: चोवीस मुलांचा चेहरा आणि आवाज, पाच जणांचे फक्त हात आणि आवाज, तिघांचे काहीच नाही. ‘क’मधल्या एका मुलीने मात्र चित्रीकरणाच्या सकाळी हळूच सांगितले की तिला कॅमेऱ्यासमोर यायचे नाही. आईवडिलांची सही असली तरी मी तिला ‘ग’मध्ये घेतले. मुलांना स्वतंत्रपणे विचारायचे मला संदेशाच्या वेळी सुचले नव्हते, ते आधी करावे.

लंबकाचा प्रयोग या बाबतीत सोयीचा आहे. एक मीटर दोऱ्याला वजन बांधले की दहा आंदोलनांना जवळपास वीस सेकंद लागतात; दोरा निम्मा केला तर दहा सेकंद लागतील असे मुलांना वाटते, पण चौदा लागतात. हे दाखवायला दोरा, वजन, मोजपट्टी आणि स्टॉपवॉच धरलेला हात पुरतो. ‘ग’मधल्या मुलांनी कॅमेऱ्याच्या मागच्या टेबलावर हाच प्रयोग करून वाचने घेतली. आंदोलने मोजणाऱ्या “एक, दोन, तीन”च्या समूहस्वरातून एकाचा आवाज नंतर वेगळा काढता येत नाही, म्हणून मोजणी फक्त आवाजाची परवानगी असलेल्या मुलांकडून वेगळी ध्वनिमुद्रित करून घेतली.

तरीही चुका राहिल्या. पहिले संकलन पाहताना एका मुलाच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचे नाव स्वच्छ वाचता येत होते, फळ्याच्या कोपऱ्यात त्या दिवशीच्या गैरहजर मुलांची नावे होती, आणि बरोबर उत्तर आल्यावर मी स्वतःच एका मुलीला नावाने शाबासकी दिली होती. नाव उच्चारले जाणार नाही, असे मीच लिहून दिले होते! ओळखपत्रे उतरवून आणि फळा पुसून दोन दृश्ये पुन्हा घेतली, माझी शाबासकी कापली.

चॅनेल लहान मुलांसाठी असल्याने व्हिडिओ तसा नोंदवला. त्यामुळे प्रतिसादांची जागा आपोआप बंद राहते, आणि कोणी मुलांविषयी काहीबाही लिहील, ही काही पालकांची मुख्य धास्ती मिटते. व्हिडिओ टाकल्यावर नवव्या दिवशी एका वडिलांनी मत बदलले. यूट्यूबवर त्याच दुव्यावर नवी फाइल चढवता येत नाही, पण तिथल्याच संपादकात मधला तुकडा कापता येतो. त्यांच्या मुलाचे सहा सेकंद मी तसे काढले. कापलेली आवृत्ती तयार होईपर्यंत जुनीच दिसत राहते, त्यामुळे तेवढा वेळ व्हिडिओ खाजगी करून ठेवला आणि तसे त्यांना कळवले.

पुढचा व्हिडिओ भिंगांवर आहे. पुरवणीचे पान मी तयार ठेवले आहे. कार्यालयात नमुना बदलण्याचे पुन्हा विचारले, तेव्हा मुख्य लिपिक म्हणाले, “बदलू की, आधी या प्रती संपू देत.”