आमची वाटचाल: पंचिंग मशीन घरात आलं त्याची गोष्ट

2011 साली नागपूरच्या इतवारीत एक टेबल, एक फोन आणि एक स्कूटर एवढ्यावर मिठाईच्या डब्यांचा धंदा सुरू केला. मशीन एकही नाही. छपाई एकाकडे, लॅमिनेशन दुसऱ्याकडे, पंचिंग, म्हणजे शीट डब्याच्या आकारात कापून घडीच्या रेघा पाडणं, तिसऱ्याकडे, चिकटवणं चौथ्याकडे. सगळं जॉबवर्कनं मिळतं तर पगार कशाला वाहायचे, असा माझा हिशेब.

दुसऱ्याच दिवाळीला संत्रा बर्फीचे 5000 डबे पंचिंग होऊन आले, तर घडीची रेघ 2 मिलिमीटर सरकलेली. झाकणावरचं संत्रं बाजूच्या पट्टीवर उतरलं होतं. पंचिंगवाला म्हणे, "भाऊ, छपाईच सरकली, मी काय करू?" छपाईवाल्यानं लॅमिनेशनकडे बोट दाखवलं. तीन दिवस मी स्कूटरवर. खरी गोष्ट अशी, की छपाईत मशीन कागद ज्या कडेनं पकडतं, ती ग्रिपरची कड पंचिंगलाही टेकवावी लागते, कारण शीट मापाला थोड्या कमी-जास्त असतात. पंचिंगवाल्यानं उलटी कड लावली होती. पण छपाईवाल्यानं खूणच केली नव्हती. खूण कुणी करायची, हे कुणाशीच ठरलं नव्हतं. नुकसान माझं.

पुढच्या वर्षी त्याच पंचिंगवाल्यानं दिवाळीच्या दहा दिवस आधी शीटमागे 60 पैशांचे 90 केले. डाय, म्हणजे कापायचा साचा, माझाच, पण त्याच्या मशीनच्या मापाचा आणि पडलेला त्याच्या फळीवर. जाणार कुठे? दिले मुकाट्यानं.

माझी भाची एम.कॉम. करत होती. ती म्हणाली, "मामा, रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञानं 1937 मध्ये हेच विचारलं होतं. बाजारात सगळं मिळतं, तर कंपन्या असतात कशाला?" त्याचं उत्तर असं, की बाजार वापरायलाही खर्च येतो: भाव काढणं, घासाघीस, दरवेळी नवा करार. या खर्चाचं बिल येत नाही, म्हणून माझ्या वहीत तो कधी उतरलाच नव्हता.

2015 मध्ये जुनं पंचिंग मशीन घेतलं आणि एक कारागीर पगारावर ठेवला. शीटचा खर्च रुपयाच्या घरात गेला, म्हणजे कागदावर महागच. पण आता मी सकाळी म्हणतो, "हे राहू दे, आधी ते काढ," आणि तो काढतो. नवा भाव नाही, रुसवा नाही. ग्रिपरची खूण नसलेला गठ्ठा तो मशीनला लावतच नाही.

मग हुरूप आला आणि लॅमिनेशनचं मशीनही घेतलं. ती चूक. लॅमिनेशनचा भाव चौरस इंचावर, सगळीकडे जवळपास तोच. बुडबुडा राहिला तर नुसत्या डोळ्यांना दिसतो, आणि एक दुकान नाही म्हणालं तर दुसरं शेजारीच आहे. तिथे भांडायला फारसं काही नव्हतंच. आमचं मशीन आठवड्यातले चार दिवस थंड पडायचं, माणूस मात्र सहा दिवस पगार घ्यायचा, आणि त्याला काम शोधून देण्यात माझी सकाळ जायची. दीड वर्षात विकलं. लॅमिनेशन पुन्हा बाहेर.