चष्मा काढून कापलेली फ्रिंज आणि मिरजेची ती मुलगी

सांगलीत विश्रामबागला माझं पार्लर आहे, सोळा वर्षं झाली. पण जूनमधली एक गुरुवारची दुपार अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितेय.

बाहेर पाऊस, लाइट जाऊन येऊन, अशात एक मुलगी आईला घेऊन मिरजेहून आली. वय चोवीस-पंचवीस असेल, जाड काळ्या चौकोनी फ्रेमचा चष्मा आणि डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली. ओढणी काढायलाच तयार होईना. आई म्हणाली, "अहो ताई बघा की जरा, बारा दिवस झाले, ऑफिसला पण अशीच जातीय." मग तिने ओढणी काढली आणि मी बघितलं. एका कानशिलापासून दुसऱ्या कानशिलापर्यंत सरळ रेघेत कापलेली जाड फ्रिंज, मधे चष्म्याच्या फ्रेमवर टेकून बाहेर वाकलेली, दोन्ही बाजूंना बोटभर वर उडालेली, आणि डाव्या बाजूला बरोबर एक फट पडलेली.

मी तिला विचारलं, कापताना सांगितलं नाहीस का, थांबा म्हणून? तर ती म्हणाली, "ताई, चष्मा काढून ठेवला होता ना. मला सहाचा नंबर आहे, आरशात नुसता धूर दिसतो. कापणारे विचारत होते बरंय का, मी हो हो म्हणत होते."

हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं. मायनस सहा नंबर म्हणजे चष्म्याशिवाय साधारण सोळा-सतरा सेंटिमीटरपर्यंतच स्पष्ट दिसतं, म्हणजे वीतभर पण नाही, आणि आरसा असतो तीन-चार फुटांवर. अशा माणसाला आरशात बघून बरंय का विचारण्यात काय अर्थ आहे?

मी ठरवलं की आज कात्री नंतर, आधी बघायचं. केस धुतले नाहीत, चष्मा काढला नाही. कोरडे केस, डोळ्यावर चष्मा, ती रोज जशी फिरते तशी समोर बसवली.

आई सुरुवातीलाच म्हणाली होती की हिचं कपाळ फार मोठं म्हणून आम्हीच साधना कट सांगितला होता. आता साधनाला तो कट 1960 च्या 'लव्ह इन शिमला'च्या वेळी कपाळ झाकायलाच दिला होता, ते खरंच आहे, पण मोठं कपाळ म्हणजे नेमकं काय हे आधी बघावं लागतं. मी टेप लावली. केसांच्या रेषेपासून भुवईपर्यंत साडेसहा सेंटिमीटर, भुवईपासून नाकाच्या खालपर्यंत पण जवळपास तेवढंच. म्हणजे कपाळ उंच नव्हतंच, रुंद होतं. कानशिलाला चेहरा सगळ्यात रुंद आणि हनुवटी बारीक. उंच कपाळाला आडवी फ्रिंज उपयोगी पडते कारण ती उंची खाते. रुंद कपाळाला तीच फ्रिंज उलटी पडते, कारण फ्रिंज जेवढी रुंद घ्याल तेवढी कपाळाची रुंदी आखून दाखवल्यासारखी होते. तिच्या बाबतीत तर खाली लगेच काळ्या फ्रेमची दुसरी आडवी रेघ, म्हणजे एकावर एक दोन पट्ट्या आणि चेहरा मधेच दाबल्यासारखा.

माझ्या हातानं मी फ्रिंजचा तुकडा भुवयांच्या बाहेरच्या टोकांच्या आतच ठेवते. टाळूवर कंगवा आडवा ठेवला की जिथं डोकं उतरायला लागतं तिथं कंगवा सुटतो, तो बिंदू वरचा, आणि खाली दोन भुवयांची बाहेरची टोकं, एवढाच त्रिकोण. त्याच्या बाहेरचे केस फ्रिंजचे नाहीत, ते चेहऱ्याच्या बाजूचे. तिचे ते बाजूचे केसच कापले गेले होते.

बाजूला वर का उडाले तेही सोपं होतं. तिचे केस वेव्ही आहेत. ओले असताना कंगव्यात ओढून भुवईवर कापले, ओले केस ताणतात, सुकले की वेव्ह परत येते आणि वर जातात. आणि डावीकडची फट म्हणजे भोवरा. कपाळाच्या रेषेवरच छोटा भोवरा होता. तो मी कसा बघते सांगते, पुढचे केस पाण्याने भिजवायचे, कंगवा न ओढता बोटांनी नुसते पुढे ढकलायचे आणि सोडून द्यायचं, केस आपोआप जिकडं फाकतात तिकडं भोवरा. हे दोन मिनिटांचं काम आहे पण ते न करता सरळ फ्रिंज कापली तर ती फट ड्रायर मारून पण दोन तासच बुजते, त्यात पावसाळ्याची हवा असेल तर तेवढीही नाही.

आता कापलेले केस मोठे तर करता येत नाहीत. मग हातात राहिला भांग. तिचा भांग शाळेतल्या दोन वेण्यांपासून बरोबर मधे. मधला भांग, नाक, चष्म्याचा मधला पूल, सगळं एका उभ्या रेषेत आणि दोन्हीकडं कपाळाचे सारखे मोठे तुकडे उघडे. मी भांग डावीकडं नेला, डाव्या भुवईच्या कमानीच्या बरोबर वर, म्हणजे भोवऱ्यापाशीच. तिथून केस उजवीकडं स्वतःहूनच पडतात कारण भोवरा त्यांना तिकडंच ढकलतो. फट जी दोष होती ती भांगात जिरली. भांग अजून बाजूला, कानाकडं नेला असता तर डावं कपाळ पूर्ण उघडं पडलं असतं, रुंद कपाळाला फार बाजूचा भांग हे म्हणूनच जमत नाही.

वर्षानुवर्षं मधे पडलेले केस लगेच ऐकत नाहीत. मुळं ओली करून ड्रायरचं नोझल खाली करून, कमी गरम, आधी डावीकडं, मग उजवीकडं, परत डावीकडं, चपट्या ब्रशने. मुळं सुकेपर्यंत असं केलं की जुनं वळण मोडतं. आणि हे डोकं धुतल्यावर सगळ्यात आधी करायचं, बाकीचे केस ओले राहू देत, पुढचे आपोआप सुकू द्यायचे नाहीत, एकदा वेव्हने सुकले की मग कितीही ब्रश फिरवा.

कात्री त्या दिवशी मी अगदी थोडी लावली, तेवढ्यापुरता चष्मा काढून. फ्रिंजची जाड कड कात्रीच्या टोकाने उभी उभी तोडली, एका वेळी तीन-चार मिलिमीटर, जेणेकरून ती सरळ रेघ दिसू नये आणि फ्रेमवर पडदा टेकल्यासारखी बसू नये. दर दोन-तीन मिनिटांनी तिच्या मोबाइलवर फोटो काढून तिच्या हातात द्यायचे, ती नाकाजवळ धरून बघायची, मग सांगायची अजून की बास. आणि मग चष्मा घालून परत बघायचं कारण चष्म्याच्या काड्या कानशिलावर केसांना बाहेर ढकलतात, चष्म्याशिवाय नीट बसलेली बट चष्मा घातला की पंख्यासारखी उभी राहते.

काडीवरून एक गोष्ट तिला नीट समजावली. बाजूच्या बटेचं टोक काडीच्या उंचीवर किंवा काचेच्या मधोमध संपलं की ती बट बसणारच नाही, एकतर काडीवरून बाहेर जाईल नाहीतर काचेच्या आत घुसून डोळ्यात टोचेल आणि काचेला तेल लावेल. टोक काचेच्या खालच्या कडेच्या खाली, गालाच्या हाडावर आलं पाहिजे. तिचे केस तिथं पोचायला महिन्याला साधारण एक सेंटिमीटर धरलं तरी पाच महिने. मी दिवाळी सांगितली, ती रडकुंडीला आली. पण खोटं सांगून काय करू?

लांबीवरून आई आणि मुलीचं तिथंच वाजलं. केस कमरेपर्यंत होते, मुलगी म्हणाली खांद्यावर करा, आई म्हणाली, "लग्नाचं बघायला लागलोय, लांब केसाला हात लावायचा नाही." मला विचारलं तर मी खरं तेच सांगितलं की खांद्याच्या खाली किती लांब याने चेहऱ्याला फारसा फरक पडत नाही, पहिली लेयर कुठून सुरू होते याने पडतो. बारीक हनुवटीला जबड्यापाशी थोडी भर पाहिजे, सरळ जड केस गालाला चिकटून पडले तर कपाळ आणखीच रुंद वाटतं. म्हणून लांबी तीन इंचच कमी केली आणि पुढची लेयर हनुवटीच्या जरा खालून सुरू केली, टोकं आत वळतील अशी. दोघींचं भागलं. खरं तर मला गळ्याच्या हाडापर्यंत आवडलं असतं, तिच्या वेव्हला ती लांबी फार छान फुलते, पण डोकं तिचं आहे.

जाताना सांगितलं की रात्री खोबरेल लावशील तर पुढच्या मुळांना लावू नको, आणि सकाळी घाई असेल तर नुसती फ्रिंज बेसिनवर धू, चष्म्याखाली घाम आणि तेल साचून पुढचेच केस आधी चिपकतात.

ऑगस्टच्या शेवटी परत आली. अडीच सेंटिमीटर वाढ, म्हणजे सगळ्यात वाईट टप्पा, केस सरळ सोडले तर बरोबर काचेच्या मागे. तिला वाटलं परत भुवईपर्यंत कापून टाकावेत. मी नाही म्हटलं, कापले की परत पहिल्या दिवसापासून सुरुवात. दोन बारीक पिना, भांगापासून उजवीकडं जरा पीळ देऊन कानाच्या वर, आणि वरून मोठ्या केसांची एक पातळ बट, पिन दिसत नाही.

दिवाळीच्या आधी आली तेव्हा पुढचे केस अकरा सेंटिमीटर झाले होते. तेव्हा कुठं मी तिला खरी फ्रिंज कापून दिली. कोरड्या केसांवर, तिरकी, भांगापाशी नाकाच्या वरच्या हाडापर्यंत आणि तिथून उतरत उजव्या गालाच्या हाडावर, डावीकडं एकच छोटी बट. कपाळ झाकलं नाही, मधला भाग दिसतोच, फक्त दोन्ही कोपरे मोडले. रुंदी कोपऱ्यांत असते, ते मोडले की बास.

सगळं झाल्यावर चष्मा घालून ती आरशासमोर बराच वेळ उभी राहिली. काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, पुढच्या महिन्यात फ्रेम बदलायचीय, गोल बघितलीय, बारीक सोनेरी."

गोल फ्रेमची खालची कड हिच्या चौकोनी फ्रेमपेक्षा खाली येईल का वर, ते घालून बघितल्याशिवाय कळत नाही आणि उजवी बट त्या कडेवरच बेतलेली आहे. म्हणून म्हटलं, दुकानात फ्रेम घालून समोरून आणि बाजूने असे दोन फोटो मला पाठव, मग पैसे भर.