दर रविवारी अर्धा तास : पगाराचा हिशेब आठवड्याला कसा जुळवते

मी नाशिकला एका खासगी कंपनीत नोकरी करते. नवऱ्याचं छोटं दुकान आहे आणि त्यातला पैसा बहुतेक मालातच फिरत असतो. त्यामुळे घर चालतं ते माझ्या पगारावर. हातात 72 हजार येतात, एक तारखेला. महिन्याचं अंदाजपत्रक आम्ही आधीपासून मांडत होतो, पण ठरवलेला खर्च आणि झालेला खर्च महिनाअखेरीला समोरासमोर ठेवला की त्याचा फारसा उपयोग होत नसे. कारण जास्तीचा खर्च कुठे झाला हे कळेपर्यंत तो भरून काढायला दिवसच उरलेले नसत. शिवाय यूपीआयच्या यादीत दुकानाऐवजी मालकाचं नाव येतं. तीन आठवड्यांपूर्वी कुणाला तरी 240 रुपये दिले, ते भेळेचे की झेरॉक्सचे, हे आठवणार कसं? सात दिवसांच्या आतलं मात्र बहुतेक सगळं आठवतं. म्हणून आम्ही दर आठवड्याला बसायला लागलो.

पहिलं काम म्हणजे आठवड्याला काय तपासायचं आणि काय नाही हे ठरवणं. गृहकर्जाचा हप्ता, एसआयपी, सोसायटीचा मेंटेनन्स, शाळेची फी आणि व्हॅन, वीजबिल, कामाच्या ताई, सासूबाईंची औषधं हे सगळं मिळून 47,300 रुपये जातात. हा आकडा दर आठवड्याला बघून काही बदलत नाही. वर्षातून एकदाच येणारे खर्च, म्हणजे विमा, दिवाळी, शाळेची पुस्तकं-गणवेश, गाडीची सर्व्हिसिंग, यांची वर्षाची बेरीज करून तिला बारानं भागलं तर महिन्याला 8 हजार होतात. ते पगाराच्या दिवशीच वेगळ्या रिकरिंगमध्ये टाकते. राहिले 16,700. त्यातले 6,200 महिन्याच्या किराण्याला, दुधाला आणि सिलिंडरला. किराणा आम्ही पाच तारखेच्या आसपास एकदाच भरतो, त्यामुळे तो चार आठवड्यांत वाटला तर पहिला आठवडा उगाच फुगलेला दिसतो आणि पुढचे तीन उगाच काटकसरीचे. म्हणून तोही बाहेर ठेवला.

उरले 10,500. आठवड्याची तपासणी फक्त एवढ्याचीच. यात चार बाबी आहेत : भाजी-फळं, पेट्रोल, बाहेरचं खाणं आणि किरकोळ. तीस दिवसांच्या महिन्यात दिवसाला 350, म्हणजे आठवड्याला 2,450. भाजीला 700, पेट्रोलला 500, बाहेरच्या खाण्याला 600, किरकोळीला 650. महिना म्हणजे चार आठवडे असं धरलं तर शेवटचे दोन-तीन दिवस कोरडे जातात. म्हणून आमचे आठवडे तारखेनं मोजतो : 1 ते 7, 8 ते 14, 15 ते 21, आणि 22 पासून महिना संपेपर्यंतचा एक लांब तुकडा. जूनमध्ये तो नऊ दिवसांचा, 3,150 रुपयांचा होता.

हे 10,500 एक तारखेला मी दुसऱ्या बचत खात्यात वळवते आणि आमचं यूपीआय फक्त त्याच खात्याला जोडलेलं आहे. यामुळे हिशेब दोन बाजूंनी करता येतो. एका बाजूला नोंदींची बेरीज, दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष उरलेले पैसे. दोन्ही जुळले तरच मी त्या आठवड्याचे आकडे खरे मानते.

नोंदी फोनवरच्या गूगल शीटमध्ये. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात बाब, तिसऱ्यात रक्कम, चौथ्यात दोन शब्दांची आठवण. आठवड्याची पहिली आणि शेवटची तारीख वर दोन चौकटींत लिहून ठेवली की बाबवार बेरीज एका सूत्रात येते :

```
=SUMIFS(C:C, B:B, "भाजी", A:A, ">="&F1, A:A, "<="&G1)
```

जूनच्या दुसऱ्या आठवड्याचंच उदाहरण देते, कारण त्यात सगळ्या प्रकारचे फरक एकत्र आले होते. पहिल्या आठवड्यात 2,300 खर्च झाले होते, म्हणजे 150 शिल्लक. दुसऱ्याची बेरीज आली 3,610. ठरवलेल्यापेक्षा 1,160 जास्त.

आधी उरलेले पैसे मोजले. खात्यात 4,980. भाजीचे पैसे सासूबाई रोख देतात, त्यांच्या डब्यात 210 होते. त्यांना प्रत्येक जुडीचा हिशेब लिहायला लावणं मला पटत नाही. डब्यात किती टाकले आणि किती उरले एवढ्यावरून भाजीचा आकडा निघतो. यूपीआय लाइटमध्ये 180. हे लाइट जपून बघावं लागतं. त्यात पैसे भरले की बँकेच्या पासबुकात तेवढी एकच नोंद दिसते, त्यातून दिलेले चहाचे, रिक्षाचे छोटे पैसे तिथे दिसतच नाहीत, ते ॲपमधल्या यादीतूनच घ्यावे लागतात. लाइटमध्ये भरलेली रक्कम खर्च म्हणून लिहिली आणि वर त्यातले चहाही लिहिले, तर तोच पैसा दोनदा मोजला जातो. क्रेडिट कार्डाचंही तसंच. कार्ड ज्या दिवशी वापरलं त्या दिवशी खर्च लिहायचा. पुढच्या महिन्यात बिल भरलं ती फक्त पैशांची हलवाहलव, खर्च नाही. त्या आठवड्यापर्यंत या बाबींसाठी कार्डावर 780 झाले होते, ते वजा केले. 4,980 अधिक 210 अधिक 180 वजा 780, म्हणजे 4,590. नोंदींवरूनही 10,500 वजा 5,910 म्हणजे 4,590 च. जुळलं.

मग नवऱ्यानं विचारलं, ‘‘अकराशे साठ कशात गेले गं?’’ आणि आम्ही बाब-बाब घेऊन बसलो. प्रत्येक फरकाला आम्ही तीनच प्रश्न विचारतो : हा खर्च पुढच्या आठवड्याचा आहे का, भाव वाढला का, की खरोखर जास्त वापर झाला. उत्तरावरून पुढे काय करायचं ते ठरतं, म्हणून नुसत्या बेरजेवर थांबून चालत नाही.

पेट्रोल 1,000 झालं होतं, 500 जास्त. तारखा बघितल्या तर दुसऱ्यांदा टाकी भरली ती 14 तारखेला रात्री. म्हणजे ते पेट्रोल अजून टाकीतच आहे, पुढच्या आठवड्यात भरावं लागणार नाही. इथे काहीच करायचं नव्हतं. असा फरक खरा की नुसता वेळेचा, हे ओळखायची खूण एकच : पुढच्या आठवड्यात त्या बाबीत तेवढीच बचत दिसली पाहिजे. नाही दिसली, तर तो वेळेचा फरक नव्हता.

भाजी 820, म्हणजे 120 जास्त. सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं, पाऊस लागलाय. कोथिंबिरीच्या जुडीला हात लावू देईनात.’’ भाजी नेहमीएवढीच आणली होती, भाव चढला होता. असा फरक एका आठवड्यात जात नाही, पावसाळाभर राहतो. त्याला काटकसर हा उपाय नाही, बेताचा आकडाच बदलायला हवा. किरकोळीतले 50 आम्ही सोडून दिले. शंभराच्या आतल्या फरकाची चौकशी करायची नाही असं ठरवलं आहे, नाहीतर बसणंच नकोसं होतं.

राहिलं बाहेरचं खाणं : 600 च्या जागी 1,090. मला वाटत होतं ते माझ्या ऑफिसच्या कॅन्टीनचे असतील. पण नोंदी तारखेनं लावल्या तेव्हा मोठ्या चारपैकी तीन रकमा मंगळवार आणि गुरुवारच्या निघाल्या, रात्री साडेआठच्या पुढच्या. त्याच दोन दिवशी मुलीचा नवा क्लास सुरू झाला होता. तिला घेऊन घरी पोचेपर्यंत साडेआठ, आणि मग पावभाजी किंवा डोसा घरी मागवायचा. म्हणजे हा चैनीचा खर्च नव्हता, वेळापत्रक बदलल्यामुळे आलेला होता. ‘बाहेरचं कमी खायचं’ असा निश्चय करून तो थांबला नसता, कारण दर मंगळवारी साडेआठ वाजणारच होते. सासूबाईंनीच सुचवलं, की त्या दिवशी त्या मुगाची खिचडी टाकून ठेवतील, मी आल्यावर फक्त कढी करायची. गुरुवार मात्र मोकळा ठेवला. एक दिवस सगळ्यांनाच बाहेरचं हवं असतं आणि ते मला मान्य आहे.

आता पुढचं गणित. सोळा दिवस राहिले होते, दिवसाला 350 प्रमाणे 5,600 हवे होते, हातात 4,590. तूट 1,010. पण त्यातले 500 टाकीत होते. खरी तूट 510, म्हणजे सोळा दिवसांत दिवसाला साधारण 32 रुपये. हे फार महत्त्वाचं वाटतं मला. 1,160 हा आकडा बघून घरात जी कुरबुर सुरू झाली असती, ती 32 रुपयांवर होत नाही. तेवढं किरकोळीतून निघतं : एक ड्रेस शिवायला टाकायचा होता तो पुढच्या महिन्यावर ढकलला आणि विषय संपला.

तूट भरायला वर्षाच्या 8 हजारांना हात लावायचा नाही, हा मात्र आमच्याकडे पक्का नियम आहे. तिथून घेतलं की या महिन्याचा हिशेब सुरेख दिसतो आणि विम्याच्या महिन्यात कर्ज काढायची वेळ येते. एका बाबीत वाढलं तर दुसऱ्या बाबीतून कमी करायचं, आणि कुठून कमी केलं ते त्याच बैठकीत लिहायचं.

तिसऱ्या आठवड्यात पेट्रोल शून्य आलं, म्हणजे तो फरक वेळेचाच होता. बाहेरचं खाणं 680 वर आलं. 600 वर आलं नाही, आणि पुढेही येणार नाही हे दिसतंच होतं. जूनअखेर खात्यात, डब्यात आणि लाइटमध्ये मिळून, कार्डाचे वजा जाता, 140 रुपये उरले.

जुलैसाठी भाजी 800 आणि बाहेरचं 700 केलं. आठवड्याला दोनशे म्हणजे महिन्याला साधारण नऊशे वाढले. हे पगारातून काढायला जागा नव्हती. एसआयपी कमी करायला माझी तयारी नव्हती. नवरा म्हणाला, ‘‘पावसाळाभर नऊशे मी दुकानातून देतो, दिवाळीनंतर परत बघू.’’ त्याप्रमाणे चालू खर्चाचे 11,400 झाले. जुलै एकतीस दिवसांचा, म्हणून दिवसाला 368 धरले आणि शेवटच्या तुकड्याला दहा दिवस.